रंभाजींच्या वहीतला शेऱ्याचा रकाना

रंभाजी शिरसाठ यांच्या शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं असत, एक निळं आणि एक लाल. निळं लिहायला. लाल कशाला, हे मी पहिल्या भेटीतच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "चुकलं तर खोडायला. खाडाखोड करायची न्हाई, लाल रेघ मारायची. वाचणाऱ्याला कळलं पायजे की काय चुकलं हुतं."

नगरला सावेडीत त्यांचं छोटं घर होतं. खाली तीन खोल्या, वर गच्ची, पुढे चार पावलांचं अंगण आणि अंगणात शेवग्याचं झाड. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांत बांधलेलं. नोकरीतली शेवटची अठरा वर्षं त्यांनी कोल्हारच्या बाजूला कालव्यावर काढली. काम गेज वाचायचं. कालव्याच्या काठावर रंगवलेल्या फूटपट्टीवर पाणी किती चढलंय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, सुरू असलं की मधेही. अठरा वर्षांत किती वेळा चुकलं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दोनदा. एकदा आई वारली तवा. एकदा साप आडवा आला, तवा आठ मिनटं उशीर झाला. दोन्ही लिवलेलं हाय."

मी त्यांच्याकडे गेलो ते टेलिफोनच्या कामासाठी. १९९७ सालचा एप्रिल. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन मी एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो होतो, जेमतेम पाच महिने झाले होते. गाव कोपरगाव, त्यामुळे नगरची गल्लीबोळं मला माहीत नव्हती. म्हणून मला मच्छिंद्रमामांच्या मागे सायकलीवर फिरायला लावलं होतं. मच्छिंद्रमामा जुने लाइनमन. सावेडीतला प्रत्येक खांब त्यांच्या ओळखीचा आणि प्रत्येक ग्राहक त्यांच्या मते थोडा वेडा.

"हे शिरसाठांचं घर," गेट उघडताना मामा म्हणाले. "तिसरी खेप माझी. फोन ठणठणीत हाय. तरी बया म्हणते, लाइन हळू हाय. लाइन काय बैलगाडी हाय व्हय हळू चालायला?"

बया म्हणजे रंभाजींची मुलगी वृषाली. बी.कॉम. झालेली, चोविसेक वर्षांची. समोरच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता. पुण्याच्या एका छापखान्यासाठी ती मराठी पानं जुळवून द्यायची. एका दैनिकाची शेतीची पुरवणी होती, तिची दोन पानं रोज सकाळी नऊच्या आत पुण्याला पोचायची. आधी ती पानं फ्लॉपीत घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, पण एसटीला साडेतीन-चार तास लागतात आणि बाजारभाव शिळे होतात. म्हणून छापखान्यानेच मॉडेम घ्यायला लावला. मॉडेम म्हणजे कॉम्प्युटर आणि टेलिफोनची तार यांच्यामध्ये बसणारी छोटी डबी. इकडची डबी फोनवरून तिकडच्या डबीला गाठते आणि पान आवाजाच्या रूपात जातं.

"चांगल्या दिवशी चार मिनिटांत पान जातं," वृषाली म्हणाली. "वाईट दिवशी वीस-पंचवीस मिनिटं. मधेच तुटतं. पुन्हा पहिल्यापासून. मागच्या पंधरा दिवसांत चार वेळा नऊ वाजून गेले. काल पुण्याहून फोन आला. म्हणाले, ताई, आता एकदा जरी उशीर झाला ना, तर आम्ही इथलाच माणूस बघतो."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. तिने फक्त स्क्रीनवरचा एक शब्द दुरुस्त केला. पण मागे दारात उभ्या असलेल्या तिच्या आईने, कलाबाईंनी, पदर तोंडाशी नेला. पुण्यातलं काम गेलं असतं तर वृषालीला पुण्यातच नोकरी शोधावी लागली असती. तिची मैत्रीण तिथे खोली घेऊन राहत होती, तिचं बोलावणंही आलेलं होतं. घरात तिघंच माणसं. त्यांतलं एक गेलं की किती उरतात, हे कुणाला मोजून दाखवायची गरज नव्हती.

मामांनी रिसीव्हर उचलला, टोन ऐकला, एक्स्चेंजच्या टेस्ट टेबलला फोन लावला. तिकडून तारेचं इन्सुलेशन मोजलं. दोन तारांमधलं आणि जमिनीशी असलेलं. आकडे उत्तम.

"ओके," मामा म्हणाले. घड्याळात सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मामा फॉर्मवर 'दोष आढळला नाही' असं लिहू लागले.

तेव्हा रंभाजी पुढे आले. हातात शंभर पानी वही. वहीला तपकिरी कागदाचं कव्हर, वर ठळक अक्षरात 'टेलिफोन लाइन'.

"साहेब, मी नोंद ठिवलीय. बघा."

मी वही घेतली. पंधरा दिवसांच्या नोंदी. रेघा पट्टीने आखलेल्या. तारीख, वेळ, आकडा, शेरा. वृषालीने त्यांना शिकवलं होतं की मॉडेम जोडला गेला की स्क्रीनवर एक आकडा येतो. तो जितका मोठा तितकी लाइन वेगवान. रंभाजींनी तो आकडा रोज उतरवला होता. २६,४००. २६,४००. २४,०००. २६,४००. एकसुद्धा वाईट नाही.

मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "बघा, तुमच्याच वहीत लिवलंय, लाइन झकास हाय म्हणून. आता आमी काय दुरुस्त करायचं, वही?"

वृषालीचा चेहरा उतरला. "आप्पा, पण मंगळवारी तर पाच वेळा तुटलं होतं!"

"मंगळवारी सकाळी सहाला सव्वीस हजार चारशे. संध्याकाळी सहाला सव्वीस हजार चारशे," रंभाजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "मी सवताच्या डोळ्यानं बघितलं."

मी पुन्हा वही पाहिली आणि मला हसू आवरेना. सगळ्या वेळा सहाच्या. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. अठरा वर्षं कालव्याचं गेज ज्या वेळेला वाचलं, त्याच वेळेला माणूस घरातल्या टेलिफोनचं गेज वाचत होता. आणि वृषाली पान पाठवायची साडेसात ते नऊमध्ये.

मी हसलो याचं मला लगेच वाईट वाटलं. पट्टीने आखलेल्या त्या रेघांना कुणी हसू नये.

"काका, नोंद चांगली आहे," मी म्हणालो. "फक्त वेळ बदला. कालव्याला सहाची वेळ ठरवून दिलेली होती. इथं लाइन ज्या वेळी त्रास देते, ती वेळ पकडायची. ताई पान पाठवतील तेव्हा तुम्ही शेजारी बसा."

मग मी खुर्चीवर बसलो आणि त्यांना काय काय लिहायचं ते सांगू लागलो. तोपर्यंत मला वाटायचं की तपासणी टेक्निशियनच्या हत्यारांनी होते. त्या दिवशी सांगता सांगता मलाच कळत गेलं की अर्धी तपासणी टेक्निशियन यायच्या आधी होते. आम्ही घरात थांबतो वीस मिनिटं, तार मात्र चोवीस तास असते.

प्रत्येक वेळी पान पाठवताना तारीख आणि घड्याळातली नेमकी वेळ. स्क्रीनवरचा आकडा. फाइल किती मोठी आणि जायला किती मिनिटं लागली. मधे तुटलं तर किती वेळा. मग मॉडेम बंद करून साधा फोन उचलायचा, एकच आकडा दाबायचा. एक आकडा दाबला की टोन थांबतो आणि लाइन थोडा वेळ गप्प होते. त्या गप्प लाइनीत कान द्यायचा. काही नाही, खरखर, की मध्येच चटचट? तेही लिहायचं. आतल्या खोलीत दुसरा फोन होता, त्याची तार पूर्ण काढून ठेवायची. मॉडेम थेट त्या पहिल्या डबीला लावायचा जिथे बाहेरची तार घरात येते. तसं केल्यावर आकडा सुधारला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये. नाही सुधारला तर दोष त्या डबीच्या बाहेर. तक्रार नोंदवली की तिचा नंबर, वेळ आणि फोनवर कोण बोललं त्याचं नाव.

"आणि शेरा?" रंभाजींनी विचारलं.

"शेऱ्यात त्या वेळी घरात, आसपास काय चालू होतं ते. पंखा, मिक्सर, ऊन, वारा. तुम्हाला जे दिसेल ते."

"जे दिसंल ते," त्यांनी निळ्या पेनाने लिहून घेतलं. मग लाल पेन काढून आधीच्या पंधरा दिवसांच्या पानांवर एक तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वेळ चुकीची धरली. रं. शि.'

बाहेर आल्यावर सायकलीवर टांग टाकत मामा म्हणाले, "गोरक्ष, तू ग्राहकालाच नोकरीला लावलंस की!"

"मामा, त्यांना पगार नको, काम पाहिजे."

"मग आपली नोकरी दे त्याला. तो येळेवर जेवायला तरी सोडंल."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "जयभीम साहेब, रंभाजी बोलतोय. नोंद झाली. वाईट दिवस पाच आले. पाचही येळा घड्याळ सात पंचेचाळीस ते नऊ. आतला फोन काढला तरी फरक न्हाई. पान नऊच्या आत गेलं, पन जेमतेम."

मी मामांना गळ घातली. सकाळी साडेसातला जायचं ठरलं, ड्यूटीच्या आधी. मामा नऊला एक्स्चेंजमध्ये हजर हवेत, नाहीतर त्यांची गैरहजेरी लागायची. एवढ्या सकाळी ते माझ्यासाठी आले, हे मी अजून विसरलेलो नाही, आणि त्यांनीही मला विसरू दिलेलं नाही.

घर तयार होतं. असं तयार घर मी नंतरच्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलं. पहिल्या डबीसमोरचं टेबल बाजूला सरकवलेलं. आतल्या फोनची तार गुंडाळून रबर लावून ठेवलेली. गच्चीच्या दाराची किल्ली खुंटीवर, शिडी भिंतीला. वृषालीने आदल्या दिवशीचं पान एका फाइलमध्ये वेगळं ठेवलं होतं, सहाशे केबीचं, म्हणजे प्रत्येक चाचणीला तेवढंच ओझं वाहायचं. पुण्याच्या मुलाला सांगून ठेवलं होतं की सकाळपासून तिकडचा मॉडेम चालू ठेव. अंगण झाडून, सडा टाकून वाळलेलं. ओट्यावर दोन खुर्च्या. कलाबाईंनी पोहे केले होते.

वृषालीने चाचणीचं पान पाठवलं. मॉडेमने शिट्ट्या मारल्या, दिवे लुकलुकले आणि आकडा आला, २६,४००. चार मिनिटांत पान पुण्यात.



मी फोन उचलून एक आकडा दाबला. गप्प लाइन. विहिरीच्या तळासारखी गप्प.

"पुन्हा पाठवा," मी म्हणालो. पुन्हा २६,४००. पुन्हा चार मिनिटं. पावणेआठ वाजले.

मामांनी पोह्यांची बशी हातात घेतली. "वैनी, पोहे एकदम चांगले झालेत. लाइन पन एकदम चांगली हाय. आता दोन्हीबद्दल काय तक्रार करायची?"

वृषाली उठून खिडकीशी गेली. त्या दिवसाचं एक पान आदल्या रात्रीच गेलं होतं, बाजारभावाचं अजून तयार व्हायचं होतं. कांद्याचे भाव त्या दिवशी उशिरा, साडेआठला यायचे होते, बाजार समितीचा मुलगा सायकलीवर कागद आणून द्यायचा. ते घातले की मग पान पूर्ण. "म्हणजे मी खोटं बोलते असंच होणार," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "तुम्ही जाल, आणि उद्या परत तुटेल."

मलाही तसंच वाटत होतं. यंत्र टेक्निशियनला बघून सुधारतं, असं आमच्यात गमतीने म्हणतात. त्या सकाळी मला ते गमतीचं वाटलं नाही.

रंभाजी वही घेऊन खुर्चीवर बसले होते. ते आमच्याकडे बघतही नव्हते. बोट एकेका ओळीवरून खाली नेत होते, आणि ओठ हलत होते.

"साहेब," ते म्हणाले, "आकडं नका बघू. शेरा बघा."

मी वाकलो. चांगल्या दिवसांचे शेरे असे होते. 'पाणी नाही. वारा नाही.' 'रविवार, पान नाही.' 'पाणी आले, दाब कमी, टाकी अर्धी.' वाईट दिवसांचे शेरे असे. 'पाणी आले. मोटर चालू.' 'पाणी आले. मोटर. टाकी वाहिली.' 'टाकी वाहिली, कला दूध तापवीत होती.' पाचही वाईट दिवशी टाकी वाहिलेली होती.

नगरपालिकेचं पाणी तेव्हा सावेडीत एक दिवसाआड यायचं, सकाळी. ते खालच्या हौदात पडायचं आणि मग मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. दाब चांगला असला तर टाकी भरून वाहायची. लक्ष राहिलं नाही की वाहतच राहायची.

"आज पाणी आलंय ना?" मी विचारलं.

"आलंय की," कलाबाई दारातून म्हणाल्या. "हौद भरलाय. मीच मोटर लावली न्हाई. तुमी येनार, टाकी वाहिली की पाणी गच्चीवरून नळीनं अंगनात पडतंय, समदा चिखुल. साहेब लोकं घसरतील म्हनलं. तुमी गेल्यावर लावनार हुते."

रंभाजी बायकोकडे बघत राहिले. "अगं, पावण्यासाठी रोगच झाकून ठिवलास की!"

"मला काय ठावं तुमच्या वायरीला पान्याचं वावडं हाय ते? लिवलं हुतं वहीत, मग सांगायचं मला! रोज उठून लिवताय, कंदी वाचून दावलंय का?"

मामांना पोह्याचा ठसका लागला.

पण पुढचं काही हसण्यासारखं नव्हतं. लाइन त्या क्षणाला उत्तम होती. मोटर लावली नाही तर साडेआठला भाव येतील, पान पूर्ण होईल आणि चार मिनिटांत जाईल. नऊच्या आत. काम वाचेल, निदान त्या दिवसापुरतं. मोटर लावली, टाकी वाहिली आणि दोष सापडला नाही, तर ओली झालेली तार ऊन लागून वाळेपर्यंत अकरा वाजणार. मामा मात्र नऊला गेलेच असते, आणि एवढ्या सकाळी ते पुन्हा कधी आले असते, कुणास ठाऊक.

मी हे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. रंभाजींनी मुलीकडे पाहिलं. "पान तुजं हाय. तू सांग."

वृषालीने घड्याळाकडे पाहिलं. सात बावन्न.  मग म्हणाली, "आई, लाव मोटर."

"बाई, पन..."

"आज वाचलं तर परवा बुडेल. लाव."

कलाबाईंनी बटण दाबलं. मोटर घरघरली. टाकी अर्धी होती, भरायला वेळ लागणार होता. वृषाली कॉम्प्युटरसमोर बसून पानाचा उरलेला मजकूर जुळवू लागली. मी आणि रंभाजी गच्चीवर गेलो. मामा खाली फोन कानाला लावून बसले.

गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटची टाकी. खांबावरून आलेली आमची तार कठड्यावरून पुढे जाऊन भिंतीने खाली, खोलीतल्या डबीपर्यंत उतरत होती. आणि टाकीची वाहायची नळी कठड्याच्या त्याच टोकाला तोंड काढून होती. नळीच्या खाली, तारेवर, काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा. मुठीएवढा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

रंभाजी आठवू लागले. "मागल्या साली कठडा उंच केला. गवंडी म्हनला, वायर मधी येतीया. मी कोल्हारला गेलतो. लग्नाला." त्यांनी तो गोळा बोटाने चाचपला. "त्यानं तोडून परत जोडली आसंल. मी नोंद न्हाई केली. मी इथं न्हवतो."

आठ सतराला नळीतून पहिली धार आली. पाणी नळीच्या तोंडातून कठड्यावर पडलं आणि थेट त्या गोळ्यावरून खाली ओघळलं. मिनिटभराने खालून मामांची हाक आली.

"आरं गोरक्ष! चटचट सुरू झाली रे! भजी तळल्यावानी!"

मी धावत खाली आलो. वृषालीने चाचणीचं पान लावलं. मॉडेमच्या शिट्ट्या लांबल्या, थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. आकडा आला. ४,८००. मिनिटभराने तुटलं.

मी त्या आकड्याकडे बघून एवढा खूश झालो की वृषाली म्हणाली, "तुम्हाला आनंद झालाय, माझे नऊ वाजत आलेत."

त्यात न कळण्यासारखं फार काही नाही. पट्टीच्या आत पिळा मारलेली तार. पाणी आत शिरलं की दोन तारांमधून आणि ओल्या भिंतीतून थोडी थोडी वीज गळते, आणि आवाजात खरखर येते. माणूस खरखरीतूनही बोलणं समजून घेतो. मॉडेमला ते जमत नाही. मग तो सावकाश बोलायला लागतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि फारच झालं तर फोन ठेवून देतो. ऊन लागून जोड वाळला की सगळं ठीक. आम्ही येत होतो तेव्हा अकरा वाजलेले असत, आणि एप्रिलचं ऊन.

मामांनी मोटर बंद करायला लावली आणि गच्चीवर चढले. आता त्यांचे हात वेगळेच झाले होते. बोलणं बंद. पट्टी कापली. आत तांबं हिरवं पडलं होतं. दोन्ही बाजूंची खराब तार छाटली, उरलेली स्वच्छ तार ओढून नळीपासून चार हात लांब, कठड्याच्या आतल्या कोरड्या बाजूला घेतली, आणि तिथे छोट्या डबीत स्क्रूने जोडली. मी शिडी धरून उभा. रंभाजी शेजारी उभे, घड्याळ बघत, वहीत लिहीत.

खालून वृषालीचा आवाज, "आप्पा, भाव आले! पान झालं! किती वेळ?"

"आठ बेचाळीस!" रंभाजी ओरडले. "मामा, किती येळ?"

"तुमी वेळ सांगत बसला की लांबतंय," मामा म्हणाले. "गप लिवा."

आठ एकावन्नला मामांनी डबीचं झाकण लावलं. "लाव गं बाय!"

आम्ही तिघंही वरच थांबलो. खाली जायला कुणी तयार नव्हतं. खिडकीतून मॉडेमच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग शांतता. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. रंभाजींनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, जणू ते थांबलंय असा संशय आला होता.

"गेलं!" खालून आवाज आला. "आठ सत्तावन्न! गेलं, आप्पा!"

मामांनी टोपी काढून घाम पुसला. "मी नऊला एक्स्चेंजला पोचत न्हाई आता. माझ्या नावाम्होरं काय लिवायचं ते तुमीच लिवून द्या, तुमाला सवय हाय."

रंभाजींनी खरंच लिहून दिलं. 'श्री. मच्छिंद्र, लाइनमन, आमच्या घरी सकाळी ७:३० पासून काम करीत होते. साक्षीदार रं. शि.' आमच्या साहेबांनी तो कागद वाचला, हसले, आणि मामांची हजेरी लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खांबापासून खोलीतल्या डबीपर्यंत अख्खी नवी तार टाकली, कुठेही जोड नाही. मी म्हणालो, "काका, झालं. तक्रार बंद करतो."

"बंद करू नका. चार रोज थांबा."

"का?"

"वाईट दिवशी आकडा वाईट येतो हे कळलं. त्याच वाईट दिवशी आता चांगला येतो हे कुठं कळलंय?"

त्यानंतर पाण्याच्या दोन्ही दिवशी त्यांनी मुद्दाम टाकी वाहू दिली. कलाबाई ओरडत होत्या की दुष्काळी मुलखातली माणसं आपण, पाणी असं वाहू देतात का. रंभाजींनी खाली अंगणात धारेखाली बादली धरली, ती भरली की शेवग्याच्या बुंध्याशी ओतायची आणि पुन्हा धरायची. साठ वर्षांचा माणूस, एका हातात बादली, दुसऱ्या हातात घड्याळ. आत मुलगी पान पाठवत होती.

मी तक्रार बंद करायला गेलो तेव्हा त्यांनी वही पुढे केली. शेवटच्या दोन ओळी निळ्या पेनाने होत्या, लाल रेघ कुठेच नव्हती.

'सकाळी ८:२०. २६,४००. ४ मिनिटे. टाकी वाहत होती.'

'सकाळी ८:२६. २६,४००. ४ मिनिटे. टाकी वाहत होती. शेवग्याला पाणी दिले.'

वृषालीचं काम टिकलं. ती पुण्याला गेली, पण दोन वर्षांनी आणि लग्न होऊन, आणि तोपर्यंत त्या छापखान्याची रोजची दोनाऐवजी चार पानं ती याच घरातून पाठवत होती. मी आजही कुणाच्या घरी जायच्या आधी फोनवर विचारतो की लाइन कुठल्या वेळी बिघडते, आणि त्या वेळी घरात काय चालू असतं. आणि हो, आमच्यासाठी म्हणून काही बंद ठेवू नका, असंही सांगतो. लोकांना वाटतं, हे काय विचारतोय. पण बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं. त्यांना ते कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

तक्रारीच्या कागदावर दोषाचं कारण लिहायची जागा होती. मी लिहिलं, 'जोडात पाणी'. रंभाजींनी ते वाचलं आणि म्हणाले, "कुनी शोधलं ते लिवायला जागा न्हाई का?"

"नाही हो."

"मग शेऱ्यात लिवा," ते म्हणाले. "कलाबाईनं मोटर लावली म्हनून सापडलं, आसं."

मी तसंच लिहिलं.